ग्रामसेवक गेले, ओटीपी मात्र त्यांच्याच मोबाइलवर!

३१ मे ही तारीख सरकारी कार्यालयांत हार-तुऱ्यांची असते. जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी एकाच दिवशी अनेकांना निरोप मिळतो. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण बदल्याही याच महिन्यात होतात. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील गावांत हाच काळ विहिरी तळ गाठण्याचाही असतो.

निरोपाची शाल पांघरली जाते, फोटो निघतो, तो गावाच्या ग्रुपवर पडतो. आठवडाभराने एखादी आई बाळाच्या आधार कार्डासाठी जन्माचा दाखला मागायला ग्रामपंचायतीत येते. नवे ग्रामसेवक संगणक उघडतात, पासवर्ड टाकतात आणि थांबतात. ओटीपी गेलेला असतो जुन्या ग्रामसेवकांच्या मोबाइलवर. ते असतात नव्या गावी सभेत, नाहीतर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला. मग फोन होतो, 'साहेब, तेवढा नंबर सांगा ना'. साहेबही चांगुलपणाने सांगतात. काम होते. हा चांगुलपणा दोघांनाही कधी अडचणीत आणेल, याचा विचार त्या घाईत कोणीच करत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' हे नाव देण्याचा निर्णय घेतला. गावात मात्र ग्रामसेवक हाच शब्द चालतो, म्हणून येथेही तोच.

प्रभार यादी जुनी, कारभार नवा

कर्मचारी जाताना काय द्यायचे, याची पद्धत सरकारी कामकाजात जुनीच आहे. तिला प्रभार किंवा सरळ भाषेत चार्ज म्हणतात. जाणारा आणि येणारा समोरासमोर बसतात, दप्तराची यादी होते, दोघे सह्या करतात, एक प्रत पंचायत समितीत जाते. ही यादी कागदाच्या काळात तयार झाली. कपाटात किती नोंदवह्या, किती पावती पुस्तके, किती खुर्च्या, हे ती चोख सांगते. पण ग्रामपंचायतीचा निम्मा कारभार आता कपाटात नाही, तो लॉगिनमध्ये आहे. उरलेल्यातला बराचसा कोणाच्या तरी डोक्यात आहे. या दोन्हींसाठी बहुतेक प्रभार याद्यांत रकानाच नसतो.

खासगी कंपन्यांत कर्मचारी जाण्याच्या दिवशी तीन गोष्टी तपासतात. त्याचे सगळे प्रवेश बंद झाले का, वस्तू परत आल्या का आणि त्याला जे माहीत होते ते मागे राहिले का. मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. ग्रामपंचायतीत एक ग्रामसेवक, एक संगणक परिचालक आणि एक-दोन कर्मचारी असतात. म्हणून येथे एक माणूस गेला की कंपनीपेक्षा जास्त अडते.

आधी मोबाइल नंबर, मग पासवर्ड

बहुतेक ठिकाणी चूक होते ती क्रमात. नवे ग्रामसेवक रुजू होतात आणि पहिल्यांदा पासवर्ड बदलतात. वाटते, झाले काम. पण त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल जुन्याच माणसाचा असेल, तर 'पासवर्ड विसरलात?' या एका बटणावर खाते पुन्हा त्याच्याकडे जाऊ शकते. तो तसे करेल असे नाही. पण त्याचा मोबाइल हरवला, सिम दुसऱ्याच्या हाती लागले किंवा फसव्या कॉलला तो बळी पडला, तर किल्ली तिसऱ्याकडे जाते. म्हणून आधी मोबाइल नंबर, मग ई-मेल, शेवटी पासवर्ड हा क्रम पाळायला हवा. पासवर्ड बदलल्यावर बाहेर पडून, नव्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी येतो का हे एकदा प्रत्यक्ष पाहावे. तो आला, तरच त्या लॉगिनचा प्रभार झाला.

ग्रामपंचायतीच्या जीमेलची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. अनेक गावांत हे खाते एखाद्या ग्रामसेवकाने किंवा परिचालकाने पाच-सात वर्षांपूर्वी स्वतःच्या नंबरवर उघडलेले असते. बाकीच्या पोर्टलचे पासवर्ड बदलण्याचे दुवे याच जीमेलवर येतात. म्हणजे हे खाते किल्ल्यांचा जुडगा आहे. त्याचा रिकव्हरी नंबर बदलला, तरी गूगल पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. खाते चोरणाऱ्याने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला ते परत मिळावे, यासाठी ती सोय आहे. प्रभाराच्या वेळी मात्र तिचा अर्थ असा, की नंबर ३१ मे रोजी बदलून भागत नाही. तो किमान आठवडाभर आधी बदलावा लागतो. त्याच वेळी खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' ही यादी उघडून जुने मोबाइल आणि लॅपटॉप साइन आउट करावे लागतात. नाहीतर जुन्या ग्रामसेवकांच्या मोबाइलवर ग्रामपंचायतीची पत्रे येतच राहतात आणि त्यांनाही ती नको असतात.

यावर कायमचा उपाय फार खर्चिक नाही. ग्रामपंचायतीच्या नावाचे एक सिम, एक साधा मोबाइल आणि तो ठेवायला कुलपाचा कप्पा. जिथे पोर्टल व्यक्तीचाच नंबर मागते तिथे हे चालणार नाही, पण जीमेल, वीजबिल आणि बँकेचे संदेश यांसाठी चालते.

किल्ली परत घ्यायची, पण पुढच्याला द्यायची नाही

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो डिजिटल सहीबद्दल. ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. वित्त आयोगाच्या निधीतून होणारी देयके आता त्यावरून जातात. धनादेशावर जशा दोन सह्या लागत, तशा येथे सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ही सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते आणि ती वापरायला पिन लागतो.

टोकन वस्तूसारखे दिसते, म्हणून ते वस्तूसारखे सोपवले जाते. जाणारे ग्रामसेवक टोकन ड्रॉवरमध्ये ठेवतात, पिन परिचालकाला सांगतात आणि 'नवीन साहेबांचे होईपर्यंत यावर चालवा' असे म्हणून निघतात. हेतू चांगला असतो, देयके अडू नयेत हा. पण ते टोकन ग्रामपंचायतीचे नाही, त्या माणसाच्या नावाचे आहे. त्यावरून उठलेली प्रत्येक सही कायद्याने त्याचीच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार आपली खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची असते. दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

बदली आणि निवृत्ती यांत येथे फरक आहे. बदली झालेल्या ग्रामसेवकाला नव्या गावी तीच सही लागणार, म्हणून प्रमाणपत्र रद्द करायचे नाही. जुन्या ग्रामपंचायतीच्या नोंदीतून ते काढून टाकायचे आणि टोकन त्याने सोबत न्यायचे. निवृत्त होणाऱ्याला कामासाठी त्याची गरज उरत नाही. तेथे पोर्टलवरची नोंद काढण्याबरोबर, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे ते रद्द करण्याचा अर्जही करावा. दोन्ही वेळा प्रभार यादीत एक ओळ लिहावी, 'टोकन जाणाऱ्याच्या ताब्यात, पोर्टलवरील नोंद अमुक तारखेला बंद'.

देयके अडण्याची भीती खरी आहे आणि ती टाळता येते. नव्या ग्रामसेवकाची सही काढणे, पोर्टलवर नोंदवणे आणि वरून ती मंजूर होणे याला काही दिवस लागतात. बदलीचा आदेश हाती पडला त्याच दिवशी हे काम सुरू केले, तर मधला खंड फारच थोडा राहतो. दुसरे म्हणजे अर्धवट देयके. एकाची सही झाली आणि दुसऱ्याची राहिली, असे देयक माणूस बदलल्यावर लोंबकळते. कार्यमुक्त होण्याआधी त्यांची यादी काढून प्रत्येक देयक एकतर पूर्ण करावे, नाहीतर रद्द करून नव्याच्या हाती नव्याने करू द्यावे.

चूक झाली असेल तर ती दिसते. डिजिटल सहीला तारीख आणि वेळ असते. कार्यमुक्तीचा आदेश ३१ मेचा आणि त्याच माणसाची त्याच गावच्या देयकावर सही ४ जूनची, असे आढळले तर दोन शक्यता उरतात. एकतर प्रभार कागदावरच झाला, नाहीतर टोकन दुसऱ्याच्या हातात आहे. झालेल्या खर्चाची माहिती ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. जूनमध्ये झालेला खर्च तेथे दिसला, तर त्यावर सही कोणाची आणि कधीची, एवढे विचारायला नागरिकाला कोणाची परवानगी लागत नाही.

लॉगिन चुकीच्या हाती पडले तर किती मजल जाते, हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या छोट्या ग्रामपंचायतीच्या नावावर २०२५ मध्ये २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले. गावात माणसे किती आणि जन्म किती, याचा ताळमेळच नव्हता. त्या प्रकरणाचा प्रभाराशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण जन्म-मृत्यूच्या पोर्टलवरील एका गावाचे लॉगिन म्हणजे काय ताकदीची वस्तू आहे, हे त्यातून कळते. खेड्यात जन्म-मृत्यूचा निबंधक ग्रामसेवकच असतो. त्याच्या जागी दुसरा आला, की हे लॉगिन सर्वांत आधी नव्याच्या नावे व्हायला हवे.

रोकड जुळते, तरी एक दिवस कमी पडतो

वस्तू आणि दप्तर परत घेण्याचा भाग लोकांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. नमुना १६ ही जड वस्तूंची नोंदवही समोर ठेवायची आणि वस्तू एकेक डोळ्याने पाहायची. नोंदवहीत दोन लॅपटॉप आणि टेबलावर एक, असे असेल तर दुसरा 'दुरुस्तीला दिला आहे' या उत्तरावर थांबायचे नाही. कोणत्या दुकानात, कधी, पावती कुठे, हे यादीत लिहायचे.

पावती पुस्तके आणि रोकड येथे जास्त वेळ द्यावा लागतो. एक कल्पित पण नेहमीच्या हिशेबातले उदाहरण पाहू. मालेगाव तालुक्यातील दोन हजार वस्तीचे गाव. प्रभाराच्या दिवशी रोकडवही, म्हणजे नमुना ५, बँकेतील शिल्लक १ लाख ८४ हजार ६०० दाखवते. पासबुकात आहेत २ लाख ९ हजार १००. फरक २४ हजार ५०० रुपयांचा. जाणारे ग्रामसेवक सांगतात, दोन धनादेश अजून वटलेले नाहीत. एक मोटार दुरुस्तीचा १५ हजार ५०० चा, दुसरा स्टेशनरीचा ९ हजारांचा. बेरीज जुळते आणि येथेच बहुतेक जण सही करून मोकळे होतात.

अजून दोन गोष्टी पाहायच्या असतात. त्या धनादेशांचे क्रमांक पुस्तकाच्या अर्धुकावर आहेत का, आणि न वापरलेले कोरे धनादेश कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत उरले. कोऱ्या धनादेशांतला एखादा मधूनच फाडलेला असेल, तर तो त्या दिवशीच सापडतो, नंतर नाही. करवसुलीच्या नमुना १० पावती पुस्तकाचेही तसेच. अर्धे वापरलेले पुस्तक असेल तर शेवटच्या पावतीखाली रेघ मारून दोघांनी सही आणि तारीख टाकावी. शिपायाकडे वसुलीला दिलेले पुस्तक त्या दिवशी परत मागवावे. वसूल झालेली पण बँकेत न भरलेली रक्कम त्यातूनच कळते. बँकेत सहीदार बदलल्याचे पत्र आणि ठराव त्याच दिवशी द्यावा. बँक नवी सही चढवेपर्यंत जुनी चालू राहते, हे विसरले जाते.

हा सगळा ताळमेळ एका दिवसात होत नाही. निरोप समारंभाच्या दिवशी तर नाहीच. बसायला सलग दोन दिवस लागतात, आणि पंचायतीचे विस्तार अधिकारी त्यांतला एक दिवस तरी हजर असले तर पुढचे वाद वाचतात. जाणारा माणूस येतच नसेल, तर सरपंच आणि पंचांसमोर कपाट उघडून पंचनामा करून एकतर्फी प्रभार घ्यावा लागतो. तो वाईट पर्याय आहे, पण 'नंतर बघू' पेक्षा बरा.

चार आटे डावीकडे

आता तो भाग, ज्याला कोणताच नमुना नाही. त्याच कल्पित गावात पाणीपुरवठ्याचे काम तीस वर्षे एकाच कर्मचाऱ्याने केले, असे समजा. गाव त्यांना काका म्हणते. ३१ मेला काका निवृत्त झाले. त्यांनी चावी, पाना आणि टॉर्च परत केली. यादी पूर्ण झाली. २ जूनला खालच्या वस्तीत पाणी धो-धो आले आणि टेकाडावरच्या वस्तीत थेंबही नाही.

कारण काकांना ठाऊक होते, की मारुतीच्या पाराजवळचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा नसतो. 'त्याले चारच आटे फिरवा लागते, नाहीतं सारं पाणी खाली जाते,' हे ते सहज सांगायचे, पण कोणी लिहून घेतले नाही. टाकीतून वरच्या वस्तीला आधी सोडायचे, पाऊण तासाने तो व्हॉल्व्ह बंद करून मग खालचा उघडायचा. नाल्याखालून जाणाऱ्या पाइपाला एकदा ठिगळ लावले आहे, तिथे जास्त दाब चालत नाही. पंपाच्या पॅनेलवरचा अँपिअरचा काटा नेहमीपेक्षा खाली आला तर विहिरीत पाणी संपत आले, पंप कोरडा चालतोय, लगेच बंद करायचा. काटा वर गेला तर पंपात काहीतरी अडकले. एक मोटार जळली तर दुरुस्तीचा खर्च, आणि ती परत येईपर्यंत गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून.

पाणी शुद्ध करण्याचेही असेच. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल पावडर असे प्रमाण गावोगाव वापरतात. पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. काका कधी वजन करत नव्हते, एक ठरलेला मग भरून टाकत. त्यांचा अंदाज बरोबर असे, कारण त्यांना मग ठाऊक होता आणि पावडर जुनी झाली की थोडी वाढवायचे हेही ठाऊक होते. उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन उडत जातो. नव्या मुलाला मग मिळाला, अंदाज नाही. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरीन उरलेला नाही, एवढे त्याला कळले तरी धोका टळतो. म्हणून काका जाण्याआधी त्यांचा मग एकदा काट्यावर मोजून त्यावर ग्रॅमची खूण करणे, हे पाच मिनिटांचे काम शालीपेक्षा महत्त्वाचे आहे.

अशी माहिती गोळा करण्याची सर्वांत निरुपयोगी पद्धत म्हणजे जाणाऱ्याला 'सगळे लिहून द्या' म्हणणे. तीस वर्षे हाताने काम केलेला माणूस कोऱ्या कागदासमोर बसला की दोन ओळींत संपतो. त्याला वाटते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असेल. चालत-चालत विचारले तर तोच माणूस तासभर बोलतो. नव्याने त्यांच्यासोबत विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत फिरावे, मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एकच प्रश्न विचारावा, 'काका, येथे शेवटचे काय बिघडले होते?' बिघाडाच्या आठवणीतून नेमकी माहिती निघते. व्हॉल्व्हवर रंगाने क्रमांक टाकावे आणि तेच क्रमांक हाताने काढलेल्या नकाशावर. मग दोन दिवस उलटे करावे. नव्याने सगळे एकट्याने करायचे, काकांनी फक्त उभे राहून पाहायचे, चुकले तरच बोलायचे. जिथे काका बोलतात, तिथे नकाशात काहीतरी राहिले आहे.

ग्रामसेवकाच्या डोक्यातही असेच बरेच असते. कोणत्या घराच्या नमुना ८ मधील नोंदीवर भावाभावांचा वाद आहे आणि पुढची तारीख कधी. कोणत्या रस्त्याचे काम झाले पण मोजमाप व्हायचे आहे. लेखापरीक्षणातला कोणता आक्षेप कागद न सापडल्याने पडून आहे आणि तो कागद खरे तर कुठे असण्याची शक्यता आहे. यासाठी पानभर टिपण पुरे, पण त्यात 'प्रलंबित कामे ४' असे लिहून चालत नाही. प्रत्येक कामापुढे थांबले कोणाकडे, पुढचे पाऊल काय आणि शेवटची तारीख कोणती, एवढे हवे. न्यायालयाची तारीख चुकली तर ती नव्या ग्रामसेवकाच्या नावावर जमा होते.

अचानक जाणारा परिचालक

निवृत्तीला तारीख असते, बदलीला आदेश असतो. संगणक परिचालकाचे तसे नाही. त्याला दुसरीकडे बरी नोकरी लागते आणि तो पुढच्या आठवड्यात नाशिकला असतो. वास्तविक सर्वाधिक पासवर्ड त्यालाच ठाऊक असतात, कारण दाखले, नोंदी आणि देयकांची टंकलेखी तयारी त्याच्याच हातून होते. ते पासवर्ड त्याच्या वहीत असतात, ब्राउझरमध्ये साठवलेले असतात आणि अनेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रामसेवकांनी स्वतःच पाठवलेले असतात.

त्याच्या बाबतीत निरोपाची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याने ज्या दिवशी सांगितले त्या दिवशी यादी सुरू करावी. संगणकातील ब्राउझरची साठवलेल्या पासवर्डची पाने उघडली, तर कोणकोणत्या पोर्टलला तो जात होता, याची आयती यादी मिळते. ती लिहून घ्यावी, मग पुसावी, मग प्रत्येक पोर्टलचा पासवर्ड वर सांगितलेल्या क्रमाने बदलावा. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा एकमेव अ‍ॅडमिन तोच असेल, तर जाण्यापूर्वी सरपंच आणि ग्रामसेवक यांना अ‍ॅडमिन करून घ्यावे. तसे न करता तो बाहेर पडला, तर व्हॉट्सअ‍ॅप आपोआप एखाद्या सदस्याला अ‍ॅडमिन करते, आणि तो कोण असेल हे गावाच्या हातात नसते.

जाणाऱ्याकडे संशयाने पाहण्यासाठी हे सगळे करायचे, असा काहींचा समज होतो आणि म्हणून संकोचाने टाळले जाते. प्रत्यक्षात यादीची सर्वांत जास्त गरज जाणाऱ्यालाच आहे. जूनमध्ये चुकीचा दाखला निघाला किंवा देयक गेले, तर पोलिस पहिल्यांदा ज्याच्या नावाचे लॉगिन आहे त्याला बोलावतात. '३१ मे, दुपारी ४ वाजता नंबर बदलला, पासवर्ड बदलला, नव्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला' अशी दोघांच्या सहीची ओळ त्याच्याकडे असेल, तर त्याला फार काही सांगावे लागत नाही.

वाशीम जिल्हा परिषदेला यासाठी नवा निधी किंवा नवे पोर्टल लागत नाही. प्रभार यादीच्या छापील नमुन्याला दोन पाने जोडावी लागतील. एकावर प्रत्येक लॉगिनपुढे जोडलेला नंबर, बदलल्याची तारीख आणि ओटीपीची खात्री. दुसऱ्यावर पाण्याचा नकाशा आणि प्रलंबित कामांचे टिपण. ही दोन पाने जोडलेली नसतील तर गटविकास अधिकाऱ्यांनी कार्यमुक्तीचा आदेश देताना ती मागावीत. मेच्या पहिल्या आठवड्यात मागितली, तर गूगलचे सात दिवस, डिजिटल सहीचे काही दिवस आणि काकांसोबतची दोन दिवसांची फेरी, सगळे ३१ तारखेच्या आत बसते.